आयुष्याच्या एका वर्षाची किंमत: मानव विकास निर्देशांक नक्की काय मोजतो?

मधुरा
समाजाचं बरं चाललंय की नाही हे नुसत्या दरडोई उत्पन्नावरून कळत नाही, हे पटतं. पण त्याजागी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र करणारा संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आणला की काम भागतं का? तिथेही शेवटी एकच आकडा येतो. माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते बघा, असं सांगणाऱ्या अमर्त्य सेन यांच्या क्षमता-विचारातलं त्यात कितीसं उरतं?

सदानंद
माझ्या मते भागतं. हा निर्देशांक पैशाला बाजूलाच ठेवतो आणि माणसं किती जगतात, किती शिकतात एवढंच बघतो. इक्वेटोरियल गिनी घ्या. 1990च्या दशकात तिथे तेल सापडलं आणि दरडोई उत्पन्न कुठल्या कुठे गेलं. आयुर्मान आणि शाळा मात्र मागेच राहिल्या. उत्पन्नाच्या यादीत त्या देशाचं जे स्थान होतं त्याच्या कितीतरी खाली तो या निर्देशांकात दिसायचा. एवढी एक तफावत दाखवली तरी निर्देशांकाचं चीज झालं.

शून्यलब्धी
सदानंद, उदाहरण बरोबर आहे, पण पैसा बाजूला ठेवलेला नाही. निर्देशांकाचा तिसरा हिस्सा उत्पन्नाचाच आहे. फक्त तो लॉग घेऊन मोजतात, म्हणजे श्रीमंताच्या वाढीव डॉलरला कमी भाव मिळतो. माझा आक्षेप वेगळा आहे. आरोग्य, शिक्षण, उत्पन्न यांचे तीन उपनिर्देशांक गुणून घनमूळ काढलं की, कुणी तोंडाने म्हणो न म्हणो, आयुष्याच्या एका वर्षाला डॉलरमध्ये किंमत लागते. ती काढूनच बघू.

आयुर्मानासाठी खालची मर्यादा 20 वर्षं, वरची 85. उत्पन्नासाठी 100 आणि 75,000 डॉलर (क्रयशक्तीनुसार). एक काल्पनिक देश घ्या: आयुर्मान 60, उत्पन्न 2,000. आरोग्याचा उपनिर्देशांक म्हणजे 60 वजा 20 भागिले 85 वजा 20, अर्थात 40 भागिले 65. आयुर्मान एका वर्षाने वाढलं तर 41 भागिले 65, म्हणजे अडीच टक्के वाढ. आता उत्पन्न किती घटलं तर ही वाढ पुसली जाऊन निर्देशांक जिथल्या तिथे राहील? उत्तर येतं साधारण 140 डॉलर. हेच गणित 80 वर्षं आयुर्मान आणि 50,000 डॉलर उत्पन्नाच्या देशासाठी करा. तिथे सुमारे 4,840 डॉलर येतात. वर्ष तेच, माणूसही माणूसच, आणि किंमत चौतीस पट. क्षमता-विचाराचं नाव घेणाऱ्या मापाने हे करावं, हे मला सहन होत नाही.

वैजू
मला सूत्रातलं फार कळत नाही, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते. आमचे दोघींचे पगार जवळपास सारखे आहेत. कामावर जायला मला बस पुरते, तिला रोज गाडी करावी लागते. तिला घर तळमजल्यावरच लागतं, त्यामुळे निवड आधीच आकसते. एखाद्या इमारतीला दोन पायऱ्या असल्या की तिथली नोकरी तिच्यासाठी नसल्यातच जमा. दोघींचं उत्पन्न सारखं, शिक्षण सारखं. मग तुमच्या या आकड्यात तिची अडचण कुठे दिसते?

शून्यलब्धी
वैजूताई, कुठेच दिसत नाही. आणि तुम्ही सांगताय तोच सेन यांचा मूळ मुद्दा आहे. 1979च्या व्याख्यानात त्यांनी अपंग व्यक्तीचंच उदाहरण घेतलं होतं: हातात सारखंच असलं तरी त्यातून प्रत्येकाला सारखं जगता येत नाही. म्हणून बघायचं ते हातात काय आहे हे नव्हे, तर माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो हे. राष्ट्रीय सरासरीतून ते दिसणं शक्यच नाही. 2010 पासून विषमतेनुसार दुरुस्त केलेला निर्देशांकही निघतो, पण तो आरोग्यातली, शिक्षणातली, उत्पन्नातली विषमता सुटी सुटी मोजतो. एकाच माणसावर तिन्ही संकटं कोसळली आहेत की तिघांवर एकेक, हे त्याला कळत नाही.

रानवारा
वैजूताईंचं म्हणणं खरं आहे, पण मधुराने समाजाबद्दल विचारलंय आणि त्या पातळीवर निर्देशांक टाकून द्यायला मी तयार नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी 1990 साली तो आणला तेव्हा सेन यांचाच सुरुवातीला विरोध होता. इतकं काही एका आकड्यात कोंबणं त्यांना भोंगळ वाटत होतं. हक यांचं म्हणणं असं की राष्ट्रीय उत्पन्न हाही भोंगळ आकडाच आहे. त्याला हटवायचं तर तितकाच सुटसुटीत, पण माणसांच्या जगण्याकडे बघणारा आकडा हवा. पुढे सेन यांनाही ते पटलं.

याचा उपयोग कसा होतो ते अमेरिकेत बघा. 2021 साली अर्थव्यवस्था जोरात वाढली. त्याच वर्षी आयुर्मान 77.0 वरून 76.4 वर आलं, आणि 2019 मध्ये ते 78.8 होतं. नुसतं उत्पन्न बघणाऱ्याच्या लेखी ते चांगलं वर्ष ठरतं.

आणि शून्यलब्धी, तुमचे 140 आणि 4,840 डॉलर! ते त्या त्या उत्पन्नाच्या प्रमाणात बघा ना. पहिल्या देशात सात टक्के, दुसऱ्यात साडेनऊच्या थोडं वर. चौतीस पट कुठे राहिलं? गरीब देशात 4,840 डॉलर म्हणजे दोन वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त. तेवढ्या त्यागाची अपेक्षा तिथे करायची का?

शून्यलब्धी
टक्केवारीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण मग टक्केवारीतच पुढे चला. 2010 आधी तीन उपनिर्देशांकांची साधी सरासरी घेत. आजच्याच मर्यादा ठेवून त्या पद्धतीने हिशेब केला तर एक वर्ष सगळीकडे उत्पन्नाच्या 9.7 टक्क्यांच्या बरोबरीचं ठरतं, देश गरीब असो वा श्रीमंत. गुणाकार आला आणि हे बदललं. आयुर्मान 50 आणि उत्पन्न 400 डॉलर असलेल्या देशात आता ते जेमतेम 4.4 टक्के भरतं, म्हणजे साडेसतरा डॉलर. तुमच्याच मापाने सर्वात गरीब माणसाचं वर्ष सर्वात स्वस्त झालं.

सदानंद
पण गुणाकार आणलाच कशाला मग?

शून्यलब्धी
साध्या सरासरीत एका बाजूची घसरण दुसऱ्या बाजूच्या वाढीने सरळ भरून निघायची. आरोग्य कोसळलं तरी उत्पन्न वाढलं की आकडा जागेवर. गुणाकारात कमकुवत बाजू आकड्याला खाली ओढते. हेतू चांगलाच होता. पण अतिगरीब देशात सर्वात कमकुवत बाजू बहुधा उत्पन्नाची असते. मग सूत्र उत्पन्नाला डोक्यावर घेतं आणि आयुष्य त्यामानाने स्वस्त होतं.

रानवारा
आणि ते चूक का? 400 डॉलरवर जगणाऱ्याला थोडी वाढीव मिळकत म्हणजे औषध, पोटभर जेवण, मुलीची शाळा सुटू नये एवढी सोय. तिथे उत्पन्न हीच सर्वात अडलेली क्षमता असेल तर सूत्राने ती पुढे आणणं मला सेन यांच्या विचाराशी सुसंगत वाटतं.

शून्यलब्धी
औषध आणि जेवण आयुर्मानात आधीच मोजलं जातं, शाळा शिक्षणात. मग उत्पन्नाचा तिसरा हिस्सा त्यापलीकडच्या गोष्टींसाठीच असायला हवा. तुम्ही त्याच गोष्टी पुन्हा मोजताय.

मधुरा
मग तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, गुणाकार करूच नये, असं म्हणायचंय का?

शून्यलब्धी
हो. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात ते छापलेले असतातच. तेच वाचावेत.

रानवारा
छापलेले असतात, पण बातमी क्रमवारीचीच होते. एकत्र आकडा काढून टाकलात तर लोक सुटे आकडे वाचायला लागतील याची मला खात्री नाही. ते उत्पन्नाच्या यादीकडे परत जातील, आणि त्या यादीत आयुष्याच्या वर्षाला साडेसतरा डॉलरही मिळत नाहीत.