ऑफर नाकारायच्या मेलमध्ये ‘पगार’ हा शब्द लिहावा की नाही?

उंबरठ्यावर:
ऑफर आली आहे. काम आवडलं, ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते मॅनेजर तर फारच आवडले. पण पगार जमत नाही म्हणून नाही म्हणणार आहे. निर्णय झालाय, प्रश्न फक्त मेलचा आहे, कारण पुढे कधीतरी याच टीममध्ये जायचंय.

हिशोब असा. माझा आत्ताचा फिक्स पगार १०० धरा. ऑफर १२० ची. त्यात फिक्स १०४, व्हेरिएबल १० आणि एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस ६. बोलून पाहिलं, तर बोनस ९ केला, फिक्स जागचा हलला नाही. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. ड्राफ्ट:

> ऑफरबद्दल मनापासून आभार. बराच विचार केला, पण काही वैयक्तिक कारणांमुळे सध्या ही संधी स्वीकारणं शक्य होत नाही. भविष्यात पुन्हा संधी मिळाल्यास आनंद होईल.

मैत्रीण म्हणते, पगाराचं स्पष्ट लिही. लिहू का?

सरळसोट:
अजिबात लिहू नका. मेल फिरतो. आज रिक्रूटरला लिहिलेलं उद्या तिघांच्या इनबॉक्समध्ये असतं आणि ‘ही पैशापाशी अडली’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. ‘वैयक्तिक कारण’ म्हटलं की कोणी खोदत बसत नाही. ड्राफ्ट आहे तसा पाठवा.

बोलघेवडा:
अहो, नाही कशाला म्हणता? शेवटच्या दिवशी अजून ५ मागा. मुदत संपत आली की देतात.

उंबरठ्यावर:
@बोलघेवडा, मागून झालंय हो. आता नाहीच म्हणायचंय.

पडद्यामागून:
बरीच वर्षं भरतीत काढली आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. सरळसोट म्हणतात तसा मेल फिरतो हे खरं, पण म्हणूनच कारण लिहावं.

उमेदवाराने नाही म्हटलं की रिक्रूटरला सहसा नोंदीत एक कारण निवडावं लागतं: पगार, ठिकाण, दुसरी ऑफर, वैयक्तिक, असं काहीतरी. ‘वैयक्तिक’ निवडलं की काय बदललं तर ही बाई येईल, हे पुढच्या माणसाला कळत नाही. घरची अडचण असेल, कामच आवडलं नसेल, काहीही असेल. अशा नावाला पुन्हा फोन करायला कोणी उत्साहाने उठत नाही. ‘पगार’ हे कंपनीच्या हातातलं कारण आहे. शिवाय त्या मॅनेजरला उद्या वरच्यांकडे जाऊन ‘एवढ्यात माणसं येत नाहीत’ असं भांडायचं असेल, तर असा मेल त्याच्या कामाचा. वैयक्तिक कारणावर काय भांडणार?

कोरा कागद:
माझा अनुभव उलटा आहे. मी स्पष्ट लिहिलं होतं की पगार कमी पडतो. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही बोलावलं नाही, दोनदा अर्ज करूनही.

पडद्यामागून:
@कोरा कागद, ऑफर स्वीकारायच्या आधी लिहिलं होतं की नंतर?

कोरा कागद:
स्वीकारली होती. रुजू व्हायच्या चार दिवस आधी दुसरीकडून जास्त आले.

पडद्यामागून:
मग ते पगारामुळे झालं नसावं. तुम्ही हो म्हणालात तेव्हा त्यांनी बाकीच्यांना नकार कळवला असणार. चार दिवस आधी तुम्ही गळलात म्हणजे शोध पुन्हा पहिल्यापासून. मुदतीत दिलेला नकार आणि होकारानंतरचा नकार यांची नोंद वेगळी होते, आणि दुसरी लवकर पुसली जात नाही.

कोरा कागद:
हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

सरळसोट:
बरं, कारण लिहा म्हणू. पण मग ‘पगार वाढला तर येईन’ असंच होणार ना? तो नकार कुठे राहिला? ती घासाघीस झाली.

पडद्यामागून:
हा मुद्दा बरोबर. ‘फिक्स वाढल्यास विचार करेन’ असं एक वाक्य आलं की रिक्रूटर ते वाक्य घेऊन मंजुरीला जातो, दुसऱ्या नंबरचा उमेदवार ताटकळतो आणि आठवड्याने पुन्हा तेच उत्तर येतं. म्हणून ‘स्वीकारत नाही’ हे पहिल्या दोन ओळींत, कुठलाही ‘जर’ न लावता.

पण ड्राफ्टची खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे. ‘भविष्यात संधी’ म्हणजे कोणती? त्यांनी बोनस ६ चा ९ केला आणि फिक्सला हात लावला नाही, यातच उत्तर आहे. बोनस एकदाच जातो. फिक्स वाढवला तर त्याच ग्रेडवर आधीपासून बसलेल्यांपेक्षा तुम्ही वर जाता, आणि ते त्यांना निस्तरावं लागतं. बहुधा तुमची ऑफर त्या ग्रेडच्या छताला टेकलेली आहे. वर्षभराने तीच जागा निघाली तर छत थोडं सरकलेलं असेल, पण तोवर तुमचा १०० सुद्धा वाढलेला असेल. अंतर तेवढंच. तेव्हा पुन्हा यायचं असेल तर ‘याच टीममध्ये, एक पायरी वरच्या जागेसाठी’ असं लिहा. रिक्रूटरला शोधायला धरता येईल असं काहीतरी हातात पडतं.

उंबरठ्यावर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांना ‘तुमचं बजेट वाढलं की’ असं लिहिणार होते.

काटेकोर:
आकडाही लिहा. नाहीतर पुढच्या वेळी १०८ घेऊन येतील आणि तुमचे दोन महिने मुलाखतीत जातील. आणि फिक्सच कमी पडतो हे स्पष्ट लिहा. त्यांच्या लेखी त्यांनी २० टक्के वाढ दिली आहे, बोनस वाढल्यावर तर २३. तुमच्या हातात दरमहा ४ टक्के. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी दुसऱ्या वर्षी १४. नुसतं ‘पगार कमी’ लिहिलंत तर तुम्ही हावरट वाटाल.

सरळसोट:
आकडा नको! वर्षभराने तुमची किंमत १३० असेल आणि त्यांच्याकडे तुमच्याच हाताने लिहिलेला ११५ असेल.

काटेकोर:
मग तेव्हा १३० सांगायचे. बाजार बदलतो, हे त्यांनाही कळतं.

सरळसोट:
कळतं हो. मान्य करतात का?

पडद्यामागून:
यावर माझंही ठाम मत नाही. मी मेलमध्ये ‘फिक्स’ हा शब्द लिहीन आणि आकडा फोनवर विचारला तरच सांगेन. काटेकोर यांचा २० विरुद्ध ४ चा हिशोब मात्र मेलमध्ये मांडू नका. तो वाचायला तक्रारीसारखा लागतो. आणि आधी मॅनेजरना फोन करा, मेल त्यानंतर. ज्यांच्याकडे परत जायचंय त्यांना नकार रिक्रूटरकडून कळू नये.

उंबरठ्यावर:
नवा ड्राफ्ट:

> ऑफरबद्दल आणि माझ्यासाठी दिलेल्या वेळेबद्दल आभार. विचारांती मी ही ऑफर स्वीकारत नाही. काम आणि टीम दोन्ही मनापासून आवडले. मुख्य अडचण फिक्स पगाराची आहे. जॉइनिंग बोनस वाढवून आपण मार्ग काढायचा प्रयत्न केलात, याची जाणीव आहे. याच टीममध्ये पुढे एक पायरी वरची जबाबदारी असलेली जागा निघाली, तर माझा जरूर विचार व्हावा. मीही सहा महिन्यांनी आपल्याशी संपर्क साधेन.

सरळसोट:
‘मुख्य अडचण’ म्हटलंत की बाकीच्या कोणत्या, असं विचारतील. ‘मुख्य’ काढा.

काटेकोर:
सहा महिन्यांनी त्यांची पगारवाढ झालेली असेल की व्हायची असेल, ते बघून महिना ठरवा.

उंबरठ्यावर:
‘मुख्य’ काढलं. दुपारी मॅनेजरना फोन केला, मग मेल. ते म्हणाले, वाटलंच होतं. मग विचारलं, किती असते तर आला असता?

बोलघेवडा:
मग? सांगितलात?

उंबरठ्यावर:
सांगितला. आता वाटतंय दोन जास्त सांगायला हवे होते.