मदत हवी आहे: फेस फ्रेमचे पॉकेट होल सांधे आवळताना पट्टी चिरते

वाडेकरी
पुस्तकांच्या कपाटासाठी सागवानी फेस फ्रेम करत आहे. कपाट प्लायवूडचे आहे, पुढची चौकट तेवढी भरीव लाकडाची आहे आणि तिचे सांधे पॉकेट होलने जोडत आहे. स्क्रू आवळताना अगदी शेवटच्या फेऱ्यांत लाकूड चिरते, आणि जे सांधे चिरत नाहीत त्यांत दोन पट्ट्या पुढच्या अंगाने एका पातळीत राहत नाहीत. जिग चांगला आहे, लाकूड उत्तम आहे आणि क्लॅम्पही लावतो. स्क्रू किती लांबीचा घ्यावा आणि चीर कशी टाळावी, एवढेच कृपया नेमके सांगावे. दुसऱ्या चौकटीच्या पट्ट्या कापून तयार आहेत आणि हे लाकूड पुन्हा मिळणार नाही.

रंधा
नेमके सांगायचे तर आधी काही गोष्टी कळायला हव्यात. रंधा मारून झाल्यावर पट्टीची जाडी किती उरली आहे? चीर आडव्या पट्टीत पडते की उभ्या पट्टीत, आणि उभ्या पट्टीत पडत असेल तर टोकाशी की मधल्या सांध्यापाशी? स्क्रू कोणते आहेत, म्हणजे डोक्याचा आकार कसा आहे आणि आटे दाट आहेत की विरळ? शेवटचे म्हणजे, क्लॅम्प लावता तो कोणत्या दिशेने?

सुबक
माझ्या मते प्रश्न स्क्रूच्या लांबीचा नाहीच. सागवानाला खाच पाडून कुसू बसवावे, ही आपल्याकडची पद्धत आहे आणि त्या सांध्याला स्क्रू लागत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दारांच्या चौकटी अजून घट्ट आहेत त्या याच पद्धतीमुळे. पटाशी आणि मोगरी असली की काम होते.

वाडेकरी
@सुबक, कुसवाचा सांधा भक्कम असतो हे मान्य आहे, परंतु माझ्या आडव्या पट्ट्या नेमक्या आतल्या मापाच्या कापून झाल्या आहेत आणि कुसवासाठी लांबी शिल्लक नाही.

@रंधा, लाकूड पाडलेल्या वाड्याच्या तुळयांतून चिरून घेतले आहे. साफ केल्यावर जाडी १७ मिलिमीटर उरली. जिगवर १९ ची खूण होती, ती सर्वांत जवळची वाटली म्हणून तीच ठेवली. पट्ट्यांची रुंदी ४५ आहे. स्क्रू ३८ मिलिमीटरचे, काळे, जिप्समच्या छताला वापरतात ते आहेत. चीर दोन ठिकाणी पडते. वरच्या कोपऱ्यात उभी पट्टी टोकापासून उभी चिरते, आणि काही ठिकाणी आडव्या पट्टीत पॉकेटच्या तोंडापाशी बारीक तडा जातो. एका सांध्यात पुढच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटाही आला आहे. लांब क्लॅम्प चौकटीच्या रुंदीत लावून दोन उभ्या पट्ट्या आडवीवर दाबून धरतो.

मृण्मयी_कॅल्गरी
मीही गॅरेजमध्ये मेपलच्या फेस फ्रेम करते. आमच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसते आणि सांधे उघडतात, म्हणून मी पट्ट्या आधी काही आठवडे घरातच ठेवते. तुमच्याकडे बहुधा ओलाव्याचाच प्रश्न असावा. आर्द्रता मोजण्याचे यंत्र आहे का?

रंधा
मृण्मयीताई, ओलाव्याने सांधा नंतर उघडतो. स्क्रू आवळतानाच चीर पडली तर कारण स्क्रूतच शोधावे लागते. वाडेकरी यांनी आता जे सांगितले त्यात तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी दिसतात.

फुगवट्यापासून सुरुवात करतो. पॉकेट मागच्या अंगाने १५ अंशांच्या कोनात पाडले जाते, त्यामुळे स्क्रू उभ्या पट्टीत सरळ न जाता पुढच्या अंगाकडे उतरत जातो. जिग १९ वर असेल तर स्क्रू आडव्या पट्टीच्या टोकातून बाहेर पडतो तो मागच्या अंगापासून सुमारे साडेनऊ मिलिमीटरवर. पट्टी १९ ची असती तर ते बरोबर मध्य झाले असते. तुमची १७ ची आहे, म्हणजे पुढे साडेसातच उरले. ३८ चा स्क्रू उभ्या पट्टीत साधारण २२ मिलिमीटर शिरतो आणि तेवढ्यात पुढे जवळपास पावणेसहा मिलिमीटर उतरतो. राहिले दोन मिलिमीटरांहून कमी, आणि स्क्रूच्या आट्यांची निम्मी जाडीच साधारण तेवढी असते. फुगवटा तिथून आला. तोच स्क्रू थोडा वाकडा गेला असता तर टोक बाहेर दिसले असते.

१९ च्या पट्टीला ३२ मिलिमीटरचा स्क्रू हे नेहमीचे माप आहे. तुमच्या १७ साठी जिग आणि बिटाची कॉलर दोन्ही १६ वर आणावीत आणि स्क्रू २५ चा घ्यावा. केवळ स्क्रू बदलून जिग तसाच ठेवला तर भोक मध्यापासून पुढे सरकलेलेच राहील.

टेबलसॉ_ठाणे
२५ चा स्क्रू फेस फ्रेमला फार आखूड होतो, असे माझे मत आहे. उभ्या पट्टीत त्याची पकड जेमतेम बसते. मी १७-१८ च्या पट्ट्यांना सरसकट ३२ लावतो आणि आजवर एकही बाहेर आलेला नाही. स्क्रूंचे म्हणाल तर खास पॉकेटचे स्क्रू महाग पडतात. पत्र्याला वापरतात ते पॅन हेडचे सेल्फ टॅपिंग स्क्रू घ्यावेत, त्यांचे डोके खालून सपाट असते आणि काम तेच होते.

रंधा
डोक्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, आणि आडव्या पट्टीतल्या तड्याचे कारण तेच आहे. जिप्समच्या स्क्रूचे डोके खालून निमुळते असते. पॉकेटच्या तळाशी सपाट बैठक असते, तिच्यावर ते टेकण्याऐवजी पाचरीसारखे घुसते आणि पट्टी फाकवते. शेवटच्या फेऱ्यांत तडा जातो तो म्हणूनच. शिवाय हे स्क्रू कडक आणि ठिसूळ असतात, सागवानात मानेपाशी तुटले तर उरलेला तुकडा काढणे कठीण जाते.

परंतु पत्र्याच्या स्क्रूला डोक्यापर्यंत आटे असतात. ते आडव्या पट्टीतही पकड घेतात, आणि दोन्ही पट्ट्यांत एकदम आटे धरले की मधली फट आवळूनही मिटत नाही. पॉकेटच्या स्क्रूची मान गुळगुळीत असते, त्यामुळे आडवी पट्टी तिच्यावर मोकळी सरकते आणि उभीला येऊन भिडते. पत्र्याचेच वापरायचे असतील तर आडव्या पट्टीतले भोक स्क्रू सैल जाईल इतके मोठे करून घ्यावे.

३२ बद्दल म्हणायचे तर १८ च्या पट्टीत तो निभावतो. १७ च्या जुन्या सागवानात मी तो धोका पत्करणार नाही.

टेबलसॉ_ठाणे
पकड कमी करून धोका टाळण्यात मला अर्थ दिसत नाही. कपाटावर पुस्तकांचा भार येणार आहे.

अनघा_जे
भार प्लायच्या फळ्यांवर आणि बाजूंवर येतो, पुढच्या चौकटीवर फारसा येत नाही. चौकट एकदा कपाटाला चिकटली की सांध्यांना फक्त आपली जागा धरून राहायचे असते. चौकट कपाटाला लावताना मी मागून पॉकेट होल पाडते, म्हणजे पुढून खिळा दिसत नाही, आणि बाजूला दोन मिलिमीटर जास्त ठेवून नंतर घासून घेते.

वाडेकरी
अनघाताई, ते पुढचे काम आहे, तरी लक्षात ठेवतो. @रंधा, वरच्या कोपऱ्यातल्या चिरेचे काय? तिथे फुगवटा नाही, डोकेही नीट बसले होते, तरी उभी पट्टी टोकापासून बोटभर चिरली.

रंधा
ती चीर टोकाच्या जवळिकीची आहे. वरची आडवी पट्टी उभीच्या टोकाशी सपाट येते, त्यामुळे बाहेरचा स्क्रू उभ्या पट्टीत टोकापासून अगदी थोड्या अंतरावर शिरतो. तिथे लाकडाच्या रेषांना धरून ठेवायला पुढे लाकूडच नसते. वाड्यातले सागवान इतके वाळलेले असते की विरळ, जाड आट्यांचा स्क्रू त्यात रेषा फाकवतच जातो. विरळ आटे मऊ लाकडाला आणि प्लायला योग्य, भरीव सागवानाला दाट आट्यांचेच घ्यावेत.

त्याशिवाय मी काय करतो ते सांगतो. उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना तीस मिलिमीटर जास्त लांब ठेवतो आणि चौकट जोडून झाल्यावर ते जास्तीचे टोक कापतो. आवळताना टोक दूर असल्याने चीर धावत नाही. तुमच्या पट्ट्या नेमक्या मापाच्या झाल्या असतील तर ही वाट बंद आहे, मग आधी भोक पाडून घ्यावे. सांधा क्लॅम्पमध्ये धरलेला असतानाच पॉकेटमधून लांब, अडीच मिलिमीटरचे बिट घालून उभ्या पट्टीत स्क्रू जाईल तितके खोल भोक पाडावे. मोकळ्या पट्टीत अंदाजाने पाडलेले भोक कोनात जुळत नाही. स्क्रूच्या आट्यांना थोडे मेण लावावे, ड्रिलचा क्लच अगदी खालच्या आकड्यावर ठेवावा आणि शेवटची अर्धी फेरी हाताने द्यावी.

४५ च्या पट्टीत दोन पॉकेट बसतात. मी ती कडांपासून १४-१४ मिलिमीटर आत घेतो. त्याहून कडेला नेली तर पॉकेटच्या बाजूची भिंत पातळ होते आणि टोकाशीही जवळ जाते.

वाडेकरी
उभ्या पट्ट्या नेमक्या मापाच्याच आहेत, तेव्हा आधी भोक पाडण्याचा मार्ग घेतो. पातळीबद्दल काही सुचवावे.

रंधा
तुमचा क्लॅम्प सांधा जवळ आणतो, परंतु पातळी धरत नाही. तिरका स्क्रू आवळला की आडवी पट्टी पुढच्या अंगाकडे ढकलली जाते आणि उभी मागे उचलली जाते. यावर उपाय म्हणजे चौकटीचे पुढचे अंग सपाट पृष्ठभागावर खाली ठेवावे आणि सांध्याच्या बरोबर वर, जबड्याची गादी अर्धी एका पट्टीवर आणि अर्धी दुसरीवर येईल असा क्लॅम्प दाबावा. रुंद गाद्यांचा, पकडीसारखा आवळणारा क्लॅम्प यासाठीच असतो. तो नसेल तर जाड फळीचा तुकडा सांध्यावर आडवा ठेवून साधा सी क्लॅम्प लावला तरी चालतो. टेबलावर गोंदाचा वाळलेला थेंब किंवा भुशाचा कण राहिला तरी तेवढी पायरी पडते. आवळण्याआधी गुण्या लावून पाहावा, कारण आवळताना काटकोनही हलतो.

सुबक
गोंद लावता की नाही, ते कोणीच विचारले नाही. सागवान तेलकट असते, त्यावर गोंद धरत नाही.

अनघा_जे
थिनरने पुसून लगेच लावला तर धरतो. मी टोकाच्या कापाला आधी पातळ हात देते, तो शोषला गेला की दुसरा.

रंधा
टोकाच्या कापावर गोंदाची ताकद कमीच असते, तरी मी लावतो, कारण त्याने सांध्याची रेषा पुढे रंगकामात उघडत नाही. सुबक यांना ते पटणार नाही, हे ठाऊक आहे.

वाडेकरी
त्याच सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांवर करून पाहिले. जिग १६ वर, दाट आट्यांचा २५ चा स्क्रू, क्लॅम्पमध्येच अडीचचे भोक, आणि कोपऱ्याचा सांधा टोकाशी सपाट. चीर पडली नाही. बोट फिरवल्यावर पायरी जाणवली नाही. हाताने पिरगाळून पाहिले तेव्हा सांधा सुटला नाही, मात्र थोडा वाकला. टेबलसॉ_ठाणे यांचे म्हणणे त्यामुळे पूर्ण बाजूला सारवत नाही. आता पहिल्या चौकटीतला फुगवटा कसा काढावा?

रंधा
तो स्क्रू काढावा, त्याच भोकात दाट आट्यांचा २५ चा घालून पकड मिळते का पाहावे, आणि मगच फुगवट्यावर हलका रंधा फिरवावा. स्क्रू आत असताना रंधा मारू नये, पाते आट्यांना लागते.

टेबलसॉ_ठाणे
जुन्या भोकात २५ चा धरणार नाही, ते भोक जाड आट्यांनी आधीच रुंद झाले आहे. सागवानाची काडी गोंदात बुडवून भोकात ठोकावी, वाळू द्यावी आणि मग नव्याने भोक पाडावे.

वाडेकरी
आधी नुसता स्क्रू बदलून पाहतो. धरला नाही तर काडी ठोकतो आणि इथे लिहितो.