‘चेक-इनच्या ४८ तास आधी’ हे आत्याला मराठीत कसं सांगू?

केतकी_पुणे
डिसेंबरात आम्ही घरचे अकरा जण हंपीला निघालोय. हॉटेल मी बुक केलं. आत्या आणि काका मराठीच वाचतात, म्हणून इंग्रजी मेल मराठीत लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. अडलं एका नियमापाशी: चेक-इनच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे कापणार नाहीत, नंतर पहिल्या रात्रीचं भाडं कापणार, आणि न कळवता आलोच नाही तर सगळं भाडं. चेक-इन २४ तारखेला दुपारी २ ला आहे. मी ‘चेक-इन’ला ‘आगमन’ लिहिलं.

आमची रात्रीची बस होस्पेटला सकाळी ६ ला पोचते. त्यामुळे आत्याने मुदत धरली २२ ला सकाळी ६ पर्यंत. काका म्हणाले, २४ मधून दोन दिवस गेले, म्हणजे २२ तारीख संपेपर्यंत. खरी मुदत २२ ला दुपारी २. काकांच्या हिशोबाने २२ ला संध्याकाळी रद्द केलं असतं, तर तीन खोल्यांचे ४५०० प्रमाणे १३,५०० रुपये गेले असते. ‘आगमन’ शब्दच चुकीचा का?

शुद्धलेखक
‘आगमन’ बरोबरच आहे. ‘आगमनवेळ’ असा समास केलात तर प्रश्न मिटतो. आणि मेलला ‘आरक्षण-पुष्टी’, कापलेल्या पैशांना ‘रद्दीकरण शुल्क’ म्हणा.

काउंटरवरचा
मी बारा वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर होतो. ‘आगमनवेळ’ने घोळ वाढेल, कारण आगमन पाहुण्याचं असतं आणि चेक-इनची वेळ हॉटेलची असते. तुम्ही ६ ला या नाहीतर रात्री १० ला या, ४८ तास मोजायचे ते दुपारच्या २ पासूनच मागे. म्हणून ‘खोली ताब्यात मिळण्याची वेळ’ म्हणा. त्याहून बरं म्हणजे तास मोजायला लावूच नका. ‘२२ डिसेंबर, दुपारी २ वाजेपर्यंत’ असं, वार बघून तोही घालून, सरळ लिहा.

आणि एक. सकाळी ६ ला खोली मिळेलच असं नाही. हमखास हवी असेल तर २३ ची रात्रही घ्यावी लागेल. मग चेक-इन २३ चं होतं आणि फुकट रद्द करण्याची मुदत २१ ला दुपारी २ वर येते. शिवाय ‘आम्ही २४ च्या पहाटे पोचणार’ हे हॉटेलला लेखी कळवा. नाहीतर २३ च्या रात्री कोणी आलं नाही म्हणून तुम्हाला न आलेले धरतील, आणि सगळंच भाडं जाईल.

केतकी_पुणे
हे लक्षातच आलं नव्हतं! आजच विचारते.

नाशिककर_माई
ओळखपत्राचंही मराठीत नीट लिही गं. आमचे हे पॅन कार्ड घेऊन गेले होते, काउंटरवर चालेना. त्यावर पत्ता नसतो ना. प्रत्येक मोठ्या माणसाचं पत्त्याचं ओळखपत्र लागतं, एकट्याचं पुरत नाही.

वऱ्हाडी_मास्तर
‘पुष्टी’ला माझा ठाम विरोध. मराठीत म्हणण्याला पुष्टी मिळते, खोलीला नाही. बुकिंग ‘पक्कं’ होतं. आणि ‘शुल्क’ कशाला? वीजबिलावर ‘स्थिर आकार’ वर्षानुवर्षं वाचतोय आपण. ‘रद्द आकार’ म्हणा.

शुद्धलेखक
‘रद्द आकार’ वाचून आत्याला काय कळणार? ‘शुल्क’ निदान शाळेपासून ओळखीचं आहे.

साताऱ्याचे_आबा
आमच्या वेळी ‘कुठं उतरलात?’ असंच विचारायचे. चेक-इन म्हणजे ‘उतरणं’. आणि आगाऊ दिलेल्या पैशाला विसार म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात मागे फिरलं की विसार बुडतो. इथंही तसंच लिहा, ‘विसार बुडेल’. एका शब्दात सगळं येतं.

काउंटरवरचा
आबा, शब्द सुंदर आहे, पण केतकीताईंनी आधी काही भरलंय का? पुष्कळदा नुसता कार्डाचा नंबर घेतात आणि रद्द केल्यावर त्यातून वसूल करतात. तिथे विसार दिलेलाच नसतो. उलट पोचल्यावर मोडतोडीपोटी काही रक्कम ठेवून घेतली, तर ती अनामत, जाताना परत मिळते. आत्यांना या दोन्हींत फरक कळायलाच हवा.

केतकी_पुणे
कार्डच दिलंय, पैसे तिथे गेल्यावर. मग ‘पहिल्या रात्रीचं भाडं वसूल करतील, दर खोलीमागे’ असं लिहू? काकांना ते एकूण ४५०० च वाटले होते.

वऱ्हाडी_मास्तर
आबा, आमच्याकडे विसाराला ‘बयाणा’ म्हणतात.

साताऱ्याचे_आबा
बयाणा हिंदी. विसार अस्सल मराठी.

वऱ्हाडी_मास्तर
माझ्या आजोबांच्या बैलबाजारात बयाणाच चालायचा, आणि आजोबांना हिंदीचा गंध नव्हता. शिवाय कागदावर ‘इसार पावती’ही लिहितात. मग तुमचा ‘वि’ कुठून आला ते सांगा आधी.