हप्ते समान नकोत, जमेप्रमाणे ठेवा

> सरळ सहा समान हप्ते लिहून टाका, मेल नीटनेटका दिसतो.

थकबाकी हप्त्यांत फेडू द्या, असं पुरवठादाराला विचारणारा मेल तसा नीटनेटका दिसतो खरा, पण दुसराच हप्ता चुकला की त्या मेलची किंमत शून्य. समजा थकबाकी 6 लाख आहे आणि मोठ्या ग्राहकाचे पैसे तिसऱ्या महिन्यात सुटणार आहेत. मग पहिले दोन हप्ते 50-50 हजारांचे, तिसरा 2 लाखांचा आणि उरलेले तीन 1-1 लाखाचे ठेवा. चणचणीचं कारणही तिथेच सांगून होतं: 'आमचं एक बिल अडकलं आहे, ते अमुक तारखेला मिळेल, म्हणून तिसरा हप्ता मोठा.' नुसतं 'सध्या बाजार मंदा आहे' हे आम्ही येणी सांभाळणारे रोजच वाचतो.

इथे कोणी काढला नाही असा मुद्दा म्हणजे प्रत्येक हप्त्यासमोर बिल क्रमांक लिहा. नाहीतर आमच्याकडे आलेली रक्कम आधी व्याजात, मग सगळ्यात जुन्या बिलात वळती होते. तुमच्या वहीत फिटलेलं बिल आमच्या यादीत उघडंच राहतं आणि पुढचा माल अडतो. चालू बिलं या हप्त्यांशिवाय वेगळी, वेळेवर भरणार का, तेही एका वाक्यात सांगा. आमचे साहेब पहिल्यांदा तेच विचारतात.