गेम खेळतानाच मॉनिटर क्षणभर काळा होतो. एसएमपीएस बदलू की केबल? (नाशिक)

रामकुंड_रायडर
मंडळी, जरा सल्ला हवाय. दिवाळीत २७ इंची १४४०पी मॉनिटर घेतला. कार्ड आधीचंच, आरटीएक्स ३०६०. डेस्कटॉपवर सगळं झकास. यूट्यूब बघा, कॉलेजचं प्रोजेक्ट करा, तासन्‌तास काही होत नाही. गेम चालू केला की मात्र मधूनच स्क्रीन पूर्ण काळी होते आणि एक-दोन सेकंदांत परत येते. आवाज चालूच असतो. हेडफोनमध्ये पोरं बोंबलत असतात "अरे मागे बघ, मागे बघ", आणि मी काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसलेला. गेम बंद पडत नाही, पीसीही रीस्टार्ट होत नाही.

दुकानदार म्हणतो एसएमपीएस कमी पडतोय, ५५० वॅटचा काढून ७५० चा घाल. तेवढे पैसे घालायची तयारी नाहीये. दुसरं काही असू शकतं का? आणि केबलच घ्यायची झाली तर नाशकात कुठे आणि कुठली?

सातपूर_सुन्या
एसएमपीएसच आहे भावा. गेम लागला की कार्ड करंट ओढतं, व्होल्टेज बसतं, डिस्प्ले जातो. डेस्कटॉपवर होत नाही यातच सगळं आलं. आमच्याकडे एमआयडीसीत लाइट जरा हलली तरी असंच होतं.

गोदाकाठ_आप्पा
सुन्या, एसएमपीएस कमी पडला तर पीसी धाडकन बंद तरी होतो किंवा रीस्टार्ट तरी. आवाज सलग चालू, गेम चालू आणि फक्त चित्र जातं, हे त्याचं लक्षण नाही. शिवाय ३०६० ला ५५० वॅटचा बरा एसएमपीएस पुरतो, बनवणारेच तेवढा सांगतात.

रायडर, मी लॉन्स आणि सभागृहांत प्रोजेक्टर, एलईडी वॉल बसवतो. अशा काळ्या झपक्या आठवड्याला बघतो. आधी दोन गोष्टी सांग. मॉनिटरला कुठली केबल लावलीयेस आणि ती आली कुठून? आणि मॉनिटरच्या खालचं बटण दाबून त्याच्या मेनूत माहितीचं पान उघड, तिथे रिफ्रेश रेट दिसतो. तो एकदा डेस्कटॉपवर असताना वाच आणि एकदा गेम चालू असताना. विंडोजमध्ये नको, मॉनिटरवरच वाच. त्याच्यापर्यंत खरंच काय पोचतंय ते त्यालाच माहीत.

तिसरं, सवड असेल तर `Event Viewer > Windows Logs > System` मध्ये झपकी आली त्या वेळची नोंद बघ. `nvlddmkm` नावाची किंवा `Display` ची ४१०१ नंबरची ओळ असेल तर ड्रायव्हर कोसळून उठतोय, मग माझं सगळं म्हणणं बाजूला ठेव.

मृण्मयी_इंदिरानगर
माझंही सेम! पण मी गेम खेळत नाही, घरून ऑफिसचं काम करते. खुर्चीवरून उठले की मॉनिटर काळा होतो आणि परत येतो. नवरा म्हणतो तुझा भास आहे. केबल बदलून बघितली, फरक नाही.

कॉलेजरोड_कौस्तुभ
फ्रीसिंक बंद कर. माझ्याकडे फ्लिकर होतं, बंद केलं आणि गेलं. बाकी काही करायची गरज नाही.

रामकुंड_रायडर
आप्पा, बघितलं. केबल एचडीएमआय आहे, घरात सेट-टॉप बॉक्सला होती ती. लांब आहे, तीन मीटर तरी असेल, कारण कॅबिनेट टेबलाखाली पलीकडच्या कोपऱ्यात आहे. केबलवर बारीक अक्षरांत `HIGH SPEED HDMI CABLE WITH ETHERNET` असं छापलंय.

डेस्कटॉपवर मॉनिटर ६० हर्ट्झ दाखवतोय. गेममध्ये १४४!! मला वाटलं होतं सगळीकडे १४४ च चालू आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला तसलं काही नाही. आणि एक, काळं होण्याआधी कधी कधी अंधाऱ्या भागात पांढरे ठिपके चमकतात. मला वाटलं गेमचाच इफेक्ट.

गोदाकाठ_आप्पा
सापडलं म्हणायला हरकत नाही. ते ठिपके म्हणजे केबलमधून बिट चुकीचे पोचतायत. चुका वाढल्या की मॉनिटरची पकड सुटते, तो चित्र काळं करतो आणि सिग्नल पुन्हा पकडतो. त्यातच तुझे एक-दोन सेकंद जातात.

आता "गेममध्येच का" ते बघ, सगळे तिथेच फसतात. समोर गेम आहे की एक्सेलची शीट, केबलला काय कळतंय? रेझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि रंगांची खोली तीच असेल तर दर सेकंदाला जाणारा डेटा तेवढाच. गेममध्ये ताण येतो तो कार्डवर. त्यामुळे फक्त गेममध्ये केबल धाप टाकत असेल तर गेम चालू होताना सिग्नलच बदलतोय. तुझ्याकडे तो उघड बदलतोय. विंडोजने नवा मॉनिटर ६० वर ठेवला आणि गेम फुल स्क्रीनला गेला की स्वतःच्या सेटिंगप्रमाणे १४४ मागतो.

१४४०पी ला ६० हर्ट्झवर एचडीएमआयमधून सेकंदाला साधारण ७ गिगाबिट जातात. १४४ वर तेच साडेसतराच्या आसपास. तुझ्या मॉनिटरचा एचडीएमआय २.० असेल तर त्याची हद्दच १८ ची. आणि `HIGH SPEED` छापलेली केबल तपासलेली असते १०.२ पर्यंत. त्यापुढे ती चालली तर नशीब. दीड मीटरची असती तर कदाचित चाललीही असती, तीन मीटरला चाचपडतेय.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. `Settings > System > Display > Advanced display` मध्ये जाऊन डेस्कटॉपलाच १४४ लाव आणि गेम न लावता एखादं काळपट चित्र उघडून बस. तिथेही झपकी आली तर गेमचा, कार्डच्या गरमीचा, एसएमपीएसचा विषय संपला. मग उलटं कर, डेस्कटॉप आणि गेम दोन्ही १२० वर आण.

सातपूर_सुन्या
पण आप्पा, गेममध्ये पंखे सुटतात, करंट वाढतो, त्याचा डिस्टर्बन्स केबलमध्ये जाऊ शकतो ना?

गोदाकाठ_आप्पा
जाऊ शकतो, नाही म्हणत नाही. हद्दीवर चालणाऱ्या केबलला तेवढंही पुरतं. पण म्हणून एसएमपीएस बदलायचा नसतो, केबल हद्दीवरून मागे आणायची असते.

कौस्तुभ, तुझंही खोटं नाही. फ्रीसिंक गेमच्या फ्रेम्सप्रमाणे मॉनिटरचा रिफ्रेश रेट बदलत राहतं, त्याने गेममध्ये उजेड खालीवर होतो, विशेषतः फ्रेम्स एकदम पडल्या की. पण ते लुकलुकणं असतं, पूर्ण काळं होऊन ठिपके दिसणं नव्हे. रायडर, एका वेळी एकच गोष्ट बदल. फ्रीसिंकला आत्ता हात लावू नको.

मृण्मयीताई, तुमचा भास नाही. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताना स्थिर विजेची ठिणगी पडते, ती हवेतून केबलमध्ये शिरते आणि मॉनिटर सिग्नल सोडतो. नाशकात थंडीत हवा कोरडी असते तेव्हा हा त्रास जास्त. खुर्ची टेबलापासून लांब ढकलून मुद्दाम उठून बघा. होत नसेल तर चोर खुर्ची. जाड शिल्डिंगची आखूड केबल आणि दोन्ही टोकांना काळा फेराइटचा मणी, याने बऱ्याचदा थांबतं. घरच्या प्लगला अर्थिंग खरंच आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आधी बदललेली केबल पातळ आणि लांब असेल तर फरक पडणारच नव्हता.

मृण्मयी_इंदिरानगर
खुर्चीच निघाली!! नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. मणी कुठे मिळतो?

गोदाकाठ_आप्पा
इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडे "क्लिपवाला फेराइट कोअर" म्हणा. केबलची जाडी मोजून न्या, सैल बसला तर उपयोग कमी.

रामकुंड_रायडर
केलं. डेस्कटॉप १४४ वर टाकून काळा वॉलपेपर लावला आणि जेवायला गेलो. आईने हाक मारली, "तुझा टीव्ही मिचकावतोय बघ." गेम बंद, काही चालू नाही, तरी झपकी. १२० वर रात्रभर खेळलो, एकदाही नाही. एसएमपीएसचे पैसे वाचले. आता १४४ सोडवत नाहीये. मॉनिटरला डिस्प्लेपोर्टपण आहे, मॅन्युअलमध्ये त्यावर १६५ लिहिलंय. कुठली केबल घेऊ? तीन मीटरच लागेल.

गोदाकाठ_आप्पा
डिस्प्लेपोर्टच घे. तुझ्या कार्डावर ते तीन असतात आणि ओढाताणही नाही. १४४०पी १६५ ला आठ बिट रंगांत सव्वासोळा गिगाबिटच्या आसपास लागतात, डिस्प्लेपोर्ट १.४ पंचवीसच्या वर नेतो.

पण तीन मीटर नको. दोन मीटरच्या आत राहा, हवं तर कॅबिनेट अलीकडच्या कोपऱ्यात आण. केबल घेताना पाकिटावरच्या "१.४, ८के, गेमिंग" ला भुलू नकोस, ते कोणीही छापतं. डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणारी संस्था व्हेसा, तिचा `DP8K` शिक्का आहे का बघ आणि तो मॉडेल नंबर व्हेसाच्या यादीत आहे का ते दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर तपास. एचडीएमआयच घ्यायची असेल तर `Ultra High Speed` चं स्कॅन करायचं लेबल असलेली. एमजी रोडला आणि कॅनडा कॉर्नरला विचारून बघ, पण परत घेणार का हे आधी बोलून घे. वेणीची कापडी केबल दिसते छान, आतलं तांबं कोणाला दिसतंय?

आणखी एक. काही स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींत विसाव्या पिनची तार जोडलेली असते, ती नसायला हवी. तसं असेल तर मॉनिटरची वीज उलटी कार्डात येते. पीसी बंद केल्यावरही कॅबिनेटचा दिवा मंद तेवत राहिला किंवा पीसी चालू व्हायला कटकट करायला लागला, तर केबल तशीच परत.

कॉलेजरोड_कौस्तुभ
मला अजून वाटतं फ्रीसिंक.

रामकुंड_रायडर
अपडेट. दोन मीटरची शिक्का असलेली मिळाली, यादीत नंबरही सापडला. कॅबिनेट सरकवल्यावर तिथे आजीचा फुलपात्राचा स्टँड होता, त्यावरून घरात थोडं युद्ध झालं. १६५ वर डेस्कटॉप आणि गेम दोन्ही लावलेत. खेळताना एकही झपकी नाही, ठिपके नाहीत.

फक्त मॅप लोड होताना कधी तरी एक अगदी छोटी काळी पापणी लवते. पूर्वीसारखी दोन सेकंदांची नाही. फ्रीसिंक चालू आहे.

कॉलेजरोड_कौस्तुभ
😎

गोदाकाठ_आप्पा
कौस्तुभला अर्धा मार्क. लोड होताना फ्रेम्स पार खाली जातात, मॉनिटरच्या फ्रीसिंकच्या खालच्या हद्दीच्याही खाली, आणि तिथे काही मॉनिटर असं करतात. पण मी पैज लावणार नाही. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती बदलता येत असेल तर १.४ वरून १.२ कर आणि कार्डच्या पॅनेलमध्ये रंग ८ बिटवर ठेव. त्याची हद्द सव्वासतराची, १६५ तेवढ्यात बसतं. केबलवरचा वेग कमी होऊनही पापणी लवत राहिली तर केबलचा दोष नाही. मग १.४ परत लाव आणि फक्त फ्रीसिंक बंद करून बघ.

रामकुंड_रायडर
मेनूत आहे तो पर्याय. शनिवारी बघून इथेच लिहितो.

सातपूर_सुन्या
माझ्याकडे पीसी खरोखर रीस्टार्ट होतो गेममध्ये. केबल बदलू का?

गोदाकाठ_आप्पा
तू एसएमपीएस बघ.