अनुभव धागा : धाकटं आल्यावर थोरलं पुन्हा चड्डीत शू करू लागतं तेव्हा

ऐरोलीची_मावशी
धाकटं घरात आलं की थोरलं रुसतं, आईला चिकटतं, कधी बाळाला चिमटा काढतं. या धाग्यात त्यातली एकच गोष्ट घेऊ या. शू-शीची सवय नीट लागलेलं मूल पुन्हा कपडे ओले करू लागतं, तेव्हा घरात नेमकं काय करायचं? लिहिताना किती, कधी, कसं हे जरूर लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उद्या सकाळी उपयोग होईल.

बोलायला सोपं जावं म्हणून माझ्या भाचीचं उदाहरण ठेवते. वय सव्वातीन वर्षं. आठ महिने दिवसा कोरडी होती. धाकटा भाऊ आता पाच आठवड्यांचा आहे. आई बाळंतपणाला ठाण्यात नौपाड्याला माहेरी आहे, बाबा ऐरोलीला असतात आणि शनिवारी येतात. मुलगी दिवसातून चार-पाच वेळा चड्डी ओली करते, पुन्हा बाटलीनेच दूध मागते आणि दोन-तीन दिवस शीला जात नाही. घरात आजीचं म्हणणं, मुद्दाम करते. आजोबांचं म्हणणं, आपोआप जाईल.

ओपीडीतली_सिस्टर
मावशी, तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात आणि त्या एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. दोरीचं टोक बाटलीत आहे.

बाळाला सगळे जवळ घेतात आणि दूध पाजतात हे ती बघते, म्हणून तिलाही बाटली हवी असते. हा मत्सर म्हणा किंवा हक्क मागणं म्हणा. बिचारी मागते म्हणून घरातले देतात. २४० मिलीची बाटली तीनदा झाली की सातशे मिलीच्या वर दूध पोटात गेलं. मग पोळीभाजी, वरणभात कोण खाणार? नुसत्या दुधावर शी घट्ट होते. घट्ट शी एकदा दुखली की मूल ती धरून ठेवतं, कोपऱ्यात जाऊन पाय आवळून, टाचा उचलून उभं राहतं. मोठ्यांना वाटतं जोर लावतेय, पण खरं तर ती शी आत ओढत असते. साठलेली शी मूत्राशयावर दाबते. त्यात कमी शू मावते, घाई अचानक येते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात.

म्हणजे सुरुवात मनाने केली, पण आता ओलं होतंय ते पोटामुळेही. नुसती माया वाढवून भागणार नाही आणि नुसतं औषध देऊनही नाही.

शी गोळ्या-गोळ्यांची होते का, की फार जाड होते, हे बघा. चड्डीला पातळ डाग लागत असतील तर त्याला जुलाब समजू नका. आत अडकलेल्या घट्ट शीच्या कडेने पातळ शी पाझरते. अशा वेळी जुलाब बंद करायचं औषध दिलं तर सगळं आणखी अडकतं.

दूध दिवसाला चारशे मिलीच्या आसपास आणा आणि तेही पेल्यातून द्या. दुपारी भिजवलेल्या मनुका, पिकलेली पपई, सालीची मूगडाळ. पाणी दिवसभर थोडं थोडं. चार-पाच दिवसांत शी मऊ झाली नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते वजन बघून लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल देतात. दोन दिवस शी झाली की औषध थांबवायचं, ही घरोघरी होणारी चूक आहे. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, तोवर डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवायचं. आणि पानाचा देठ, साबणाची वडी हे उपाय मुळीच नकोत. त्याने दुखतं, आणि दुखलं की मूल आणखी धरून ठेवतं.

आबा_पाचपाखाडी
आम्ही जुनी माणसं सांगतो, पाणी कमी द्या, शू कमी होईल. आणि दर तासाला उचलून बाथरूममध्ये नेऊन बसवा. कोरडी राहिली की चॉकलेट द्या. ओरडू मात्र नका, ओरडल्याने मूल बिथरतं.

ओपीडीतली_सिस्टर
आबा, ओरडू नका हे अगदी बरोबर. पाणी मात्र कमी करू नका. आपल्याकडच्या उकाड्यात पाणी तोडलं की शी अजून घट्ट होते, शू गडद होऊन जळजळते, आणि जळजळ नको म्हणून मूल शूही धरून ठेवतं. दर तासाला नेण्याचंही तसंच आहे. खेळातून उठवलं की भांडण होतं, आणि आपल्याला लागलीय हे ओळखायची सवय जाते. दोन-अडीच तासांचं अंतर पुरे. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर पडताना, अशा ठरलेल्या वेळा बऱ्या. चॉकलेट कोरड्या चड्डीला नको, कारण ते सर्वस्वी तिच्या हातात नाही. बसायला आली यासाठी कौतुकाचे दोन शब्द पुरेत.

बालवाडीताई_घणसोली
एक सुचवते. कॅलेंडरच्या मागे चार दिवस नोंद करा. किती वाजता ओलं झालं आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं, एवढंच. बऱ्याचदा वेळा ठरलेल्या निघतात. एक म्हणजे आई अंगावर पाजत असते तेव्हा. दुसरी मालीशवाल्या बाई आल्या की, कारण तेव्हा सगळं घर बाळाच्या अंघोळीत आणि धुरीत असतं. तिसरी पाहुणे बाळ बघायला येतात ती.

पाजण्याच्या आधी थोरलीला शूला नेऊन आणायचं. मग आईच्या बाजूलाच तिची एक परडी ठेवायची, फक्त त्या वेळेची: दोन पुस्तकं, जाड खडू, थोडे कुरमुरे. मालीशच्या वेळी आजोबांनी तिला घेऊन मासुंदा तलावावर चक्कर मारावी. निघण्यापूर्वी शू हवीच.

ओलं झालं की एकच वाक्य: "कपडे ओले झाले, चल बदलू." आवाज नेहमीचा. ओली चड्डी बादलीत तिने टाकावी, पण ती शिक्षा वाटता कामा नये. "एवढी मोठी झालीस आणि..." हे वाक्य टाळा. तिला मोठं व्हायचंच नाहीये सध्या, मोठ्या मुलीला कोणी मांडीवर घेत नाही असं तिला दिसतंय. आणि "बाळ झोपलंय, गप्प बस" याऐवजी "माझे हात मोकळे झाले की येते" म्हणा, म्हणजे प्रत्येक नकार बाळाच्या नावावर जमा होणार नाही.

कळव्याहून
आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, रात्री अंथरूण ओलं करतो, दिवसा काही नाही. धाकटी आता दीड वर्षाची. हेही बाळामुळेच का?

ओपीडीतली_सिस्टर
तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. रात्री कधीच सलग कोरडा राहिला नसेल तर त्याचा बाळाशी संबंध जोडू नका. काही मुलांना वेळ लागतो आणि त्यात मुलाचा दोष नसतो. सहा महिने किंवा जास्त कोरडा राहून पुन्हा सुरू झालं असेल तर तपासायला हवं. सहा पूर्ण झालीत, तेव्हा एकदा दाखवून घ्याच, आणि त्याचं पोट रोज साफ होतं का तेही बघा.

सीवूड्सकर
सिझेरियन असेल तर? डॉक्टर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणतात आणि थोरली "कडेवर घे" म्हणून रडते. शूला न्यायलाही आईच हवी असते.

बालवाडीताई_घणसोली
आईने उचलायचं नाही, तिने चढायचं. पलंगाजवळ पाट किंवा स्टूल ठेवा, पोटावर उशी धरा, आणि तिने बाजूने येऊन कुशीत बसावं. शूला नेताना आईने फक्त हात धरून सोबत चालायचं. कपडे काढणं, धुणं दुसऱ्याने करावं.

रोज दहा मिनिटं फक्त तिची ठेवा. मोबाइल बाजूला, बाळ दुसऱ्याकडे, खेळ ती ठरवेल. गजर लावा, म्हणजे वेळ संपवणारा गजर असेल, आई नाही. "मला बाळ कर" म्हणाली तर दुपट्यात गुंडाळून अंगाई म्हणा. बाटलीतून तिला हवं असतं ते असं मिळालं तर दूध कमी करणं सोपं जातं. आज ओलं केलंस म्हणून ही दहा मिनिटं कधीही कापू नका.

दोन_मुलांचा_बाबा
सरळ डायपर लावा ना काही दिवस. आईची झोप नाही, धुणं किती, आजीचं वय काय. थोरलीने स्वतः मागितला तर मी देईन.

बालवाडीताई_घणसोली
मला दिवसा पटत नाही. ओलं झाल्याचं तिला कळलं पाहिजे. चार जास्तीच्या चड्ड्या आणि गादीवर रबरी शीट हे बरं.

ओपीडीतली_सिस्टर
मी मध्ये उभी आहे. शी धरून ठेवणारं मूल फक्त डायपरमध्येच शी करायला तयार असेल, तर तेवढ्यापुरता द्या. शी बाहेर पडणं जास्त महत्त्वाचं आहे. लांबच्या प्रवासालाही चालेल. दिवसभर मात्र नको.

ऐरोलीची_मावशी
चार दिवसांची नोंद झाली, म्हणून पुढचं लिहिते. एकूण सतरा वेळा ओलं. त्यातल्या अकरा वेळा बाळाला पाजणं किंवा मालीश चालू होती. उरलेल्या सहांपैकी चार संध्याकाळी, खेळताना. शी चार दिवसांत एकदा, गोळ्यांची. दूध सहाशे-सातशे मिली. सिस्टर म्हणाल्या तशीच साखळी.

आणखी एक गोष्ट नोंद करताना दिसली. ऐरोलीला कमोडवर तिची छोटी सीट आणि पायाखाली स्टूल आहे. नौपाड्याच्या घरात भारतीय संडास, अंधारा, आणि तिला भोकात पडायची भीती. म्हणजे तिने सवय मोडली असं म्हणताना तिची बसायची जागाच बदलली होती, हे कोणी धरलं नव्हतं. आता बाथरूममध्ये प्लास्टिकची पॉटी ठेवली आहे, दोन्ही पावलं जमिनीला टेकतात. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटांनी पाच मिनिटं बसते, शी होवो न होवो.

दूध एकदम तोडलं नाही. दुपारची बाटली आधी बंद केली, तिथे कुशीत बसून मनुका. मग संध्याकाळचं पेल्यातून. सकाळची बाटली अजून सुटलेली नाही. बाबांना मधल्या दिवशीही यायला सांगितलंय, ऐरोलीहून ठाणे दोनच स्टेशनं.

ओपीडीतली_सिस्टर
जागेचं मी विचारायलाच हवं होतं, छान पकडलंत. पेल्यातून सुरू झालंय ना, मग सकाळची बाटली घाईने काढू नका. शी रोज किंवा एक दिवसाआड मऊ होऊ लागली की ओलं होणं उतरतं, पण ते लगेच नाही, काही आठवडे धरा.

यातलं काही दिसलं तर वाट न बघता दाखवा: शू करताना रडणं, ताप, शूतून रक्त, सतत थेंब-थेंब गळणं, पोट फुगून उलट्या. लघवीची साधी तपासणी सुरुवातीलाच करून घ्या, जंतुसंसर्गही असाच दिसतो. आणि मूल सारखं पाणी मागतंय, खूप शू करतंय, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. त्याला मत्सर म्हणून सोडून देऊ नका.

आबा_पाचपाखाडी
पाण्याचं माझं चुकलं, समजलं. पण एक विचारतो. सव्वा महिना झाला की मुलगी ऐरोलीला परत जाणार, तिथे जुनी सीट. मग पुन्हा विसरेल का? आणि तिची नर्सरी लगेच सुरू करायची की थांबायचं?

बालवाडीताई_घणसोली
आबा, पॉटी सोबत न्या, पहिले दोन आठवडे दोन्ही असू द्या, ती निवडेल. नर्सरीबद्दल माझं मत, घरी परतल्यावर निदान दोन आठवडे थांबून, मग आधी तासभराने सुरुवात. शाळेत जास्तीचे कपडे द्या आणि ताईंना आधीच सांगून ठेवा.

दोन_मुलांचा_बाबा
मला उलट वाटतं. तिची जुनी शाळा, जुन्या मैत्रिणी, बाळ नसलेली तिची एकटीची जागा. तिथे लवकर गेलेलं बरं. तिलाच विचारा ना.