मदत हवी आहे: बॅडमिंटनसाठी नंबरचा स्पोर्ट्स चष्मा, रॅपअराउंड घ्यावा का?

चष्मिश_ठाणेकर
नमस्कार मंडळी. उजवा -४.७५, डावा -५, सिलिंडर नाही. संध्याकाळी डबल्स खेळतो, बहुतेक वेळ नेटजवळ मीच असतो. मागच्या आठवड्यात समोरच्याने मारलेला स्मॅश थेट चष्म्यावर बसला, काच फुटली नाही पण फ्रेममधून निसटून आत आली आणि भुवईखाली खरचटलं, डोळा वाचला. घरी सांगितलं तर बायको म्हणते आता कॅरम खेळ.

चष्म्याच्या दुकानात गेलो तर त्यांनी सायकलवाले घालतात तशी गोल वळलेली रॅपअराउंड फ्रेम दाखवली, म्हणाले यातच नंबर बसवून देतो, काच १.६७ इंडेक्सची, पातळ आणि अनब्रेकेबल. घ्यावी का? हॉलमध्ये पंखे बंद असतात (शटल हलतं म्हणून) त्यामुळे वाफ धरायचा त्रासही आहेच.

डबलचाकी
डोळे झाकून घे. मी घाटात सायकल चालवताना रॅपअराउंडच वापरतो, वारा, धूळ, चिलटं काही आत येत नाही, उतारावर डोळ्यातून पाणी येणं पूर्ण बंद. फोटोक्रोमिक घे म्हणजे पहाटे पांढरी आणि उन्हात काळी.

चष्मिश_ठाणेकर
दादा मी इनडोअर खेळतो, ऊन कुठलं 😅 आणि तुम्हाला नंबर किती आहे?

डबलचाकी
मला नंबर नाही.

भिंगवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, जरा सविस्तर लिहिते.

आधी काच. १.६७ पातळ असते हे खरं, पण अनब्रेकेबल म्हणून विकतात ते चूक. पातळपणा आणि मार झेलणं या दोन वेगळ्या गोष्टी. खेळासाठी पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायवेक्स, तिसरं काही नको. त्यातही मायनस नंबरची काच मध्यभागी सगळ्यात पातळ असते, आणि बाहुलीच्या समोर येतो तो नेमका तोच भाग. दुकानदार कौतुकाने सांगेल की अगदी पातळ करून देतो, त्याला सांगायचं की मधली जाडी २ मिमीच्या खाली नको, ३ मिळाली तर उत्तम. कडा जाड दिसतील, दिसू देत.

दुसरं, तुमची काच फुटली नाही तर आत आली, म्हणजे दोष फ्रेमचा. साध्या फ्रेममध्ये काच खाचेत नुसती अडकवलेली असते. खेळाच्या चांगल्या फ्रेमला मागच्या बाजूने कड जास्त उंच असते, म्हणजे काच सुटलीच तर पुढे पडेल, डोळ्याकडे येणार नाही. दुकानात फ्रेम हातात घेऊन काचेवर पुढून दोन्ही अंगठ्यांनी चांगलं दाबा. काच मागे सरकताना जाणवली तर ती फ्रेम तिथेच ठेवा.

आता शटल. ते जेमतेम ५ ग्रॅमचं, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण बुचाचा व्यास २५ ते २८ मिमी, म्हणजे डोळ्याच्या खोबणीपेक्षा लहान. क्रिकेटचा बॉल सात सेंटिमीटरच्या वर, तो बऱ्याचदा आधी भुवई आणि गालाच्या हाडावर आदळतो, शटलचं बूच मात्र हाडाला न लागता सरळ आत शिरतं. त्यात डबल्समध्ये नेटवरचा माणूस पार्टनर काय मारतोय ते बघायला मागे वळतो आणि पार्टनरचाच स्मॅश खातो. ही सवय आजच सोडा, ती फुकट आहे.

गल्लीक्रिकेट
क्रिकेटला पण हेच लागू ना? मुलगा ११ वर्षांचा, कीपिंग करतो, -२ नंबर. मार्क बाउचरचं २०१२ मध्ये आठवतं का, टाँटनला बेल उडून डोळ्यात गेली आणि करिअर संपलं, हेल्मेट नव्हतं.

भिंगवाली
सीझन बॉल असेल तर आधी जाळीचं हेल्मेट, आत पॉलीकार्बोनेटचा चष्मा. नुसत्या चष्म्यावर सीझन बॉल अडवायला जाऊ नका.

चष्मिश_ठाणेकर
ताई खूप आभार. पण रॅपअराउंडचं राहिलं ना?

भिंगवाली
हो, तेच लिहीत होते, ओपीडी सुरू झाली.

रॅप फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर सरळ नसते, कानाकडे तिरकी वळलेली असते. तिरक्या काचेतून बघितलं की नंबर बदलतो. तुमचा -४.७५ घेऊ. फ्रेमचा कोन २० अंश धरला तर डोळ्याला प्रत्यक्षात साधारण -४.९३ मिळतात आणि वर जवळपास -०.६५ चा सिलिंडर, जो तुम्हाला मुळात नाहीच. शिवाय थोडा प्रिझम. मग डोकं जड होतं, जमीन वाकडी वाटते, आणि शटल नक्की कुठे आहे हा अंदाज चुकतो, बॅडमिंटनमध्ये हेच सगळ्यात वाईट. -१ वाल्याला हा फरक जाणवतही नाही, म्हणून त्याचं ऐकून तुम्ही घेऊ नका.

यावर उपाय आहे. लॅबला फ्रेमचा कोन, काच डोळ्यापासून किती लांब आणि खाली किती झुकलेली ही मापं पाठवली तर ते हिशोब करून काच फ्रीफॉर्म मशीनवर घासतात. दुकानदार फक्त पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, घेऊन ऑर्डर लिहीत असेल तर त्याला हे जमणार नाही, समजून जा. आणि हिशोब केला तरी मधोमधच स्वच्छ दिसतं, कडेला ओढल्यासारखं राहतं. माझ्या मते -४ च्या पुढे जास्त वळलेली रॅप नकोच. कमी वळणाची, कडेने झाकणारी, मागे पट्टा असलेली स्पोर्ट्स फ्रेम घ्या.

स्मॅशकाका
एवढी भानगड कशाला, कॉन्टॅक्ट लेन्स लावायच्या की झालं. मी वीस वर्षं तेच करतोय. मार पण बसत नाही त्यांना.

भिंगवाली
काका, अर्धं बरोबर आहे. दिसायला लेन्स उत्तम, कडेचंही स्वच्छ. पण ती मऊ चकती शटल अडवत नाही. वरून बिननंबरचा पॉलीकार्बोनेट गॉगल घातला तर मात्र हा सगळ्यात चांगला जोड आहे, मग रॅपअराउंड पण चालतो, कारण नंबर तिरका होण्याचा प्रश्नच नाही.

स्मॅशकाका
गॉगल घालून बॅडमिंटन? आमच्या हॉलमध्ये हसतील.

आयातवाला
माझ्याकडे आत क्लिप लावायची फ्रेम आहे, बाहेर रॅप काच आणि आत नंबरची छोटी क्लिप. नंबर कितीही चालतो. वाईट गोष्ट म्हणजे पापण्या क्लिपला घासतात आणि दोन थरांमध्ये वाफ धरली की पुसायला सगळं काढावं लागतं. घेताना फ्रेमवर रॅकेटच्या खेळांचं अमेरिकन मानक एएसटीएम एफ-३१६४ छापलंय का बघ, जुन्या फ्रेमवर एफ-८०३ असायचं. झेड-८७ असेल तर ते कारखान्यासाठीचं, त्यात लोखंडी गोळी मारून बघतात, खेळाच्या मानकात त्या खेळाचाच बॉल डमी डोक्यावर मारून बघतात.

भिंगवाली
क्लिपबद्दल मला शंका आहे. बाहेरची काच दाबली गेली तर आतली क्लिप डोळ्यावर टेकू शकते. सायकलला ठीक, शटलला मी देणार नाही.

आयातवाला
माझ्या क्लिपवर शटल बसलंय, काही झालं नाही.

भिंगवाली
जोराचं होतं का?

आयातवाला
ड्रॉप होता 😬

चष्मिश_ठाणेकर
म्हणजे असं ठरवतोय: कमी वळणाची पट्टावाली फ्रेम, पॉलीकार्बोनेट, मध्ये २ मिमीच्या वर, काच पांढरीच. लॅबची मापं त्या दुकानात विचारून बघतो, नाही म्हणाले तर दुसरीकडे जाईन. वाफेचं कोणी सांगा ना, अँटीफॉग कोटिंगचा उपयोग होतो का?

डबलचाकी
कोटिंग काही महिन्यांत जातं, घामाचा हात पुसला की अजून लवकर. मी वर-खाली भोकं असलेली फ्रेम घेतली, पण आम्हाला वारा असतो, तुमच्या बंद हॉलचं माहीत नाही.

भिंगवाली
भोकं हवीतच, आणि कपाळाला घामपट्टी लावा, अर्धी वाफ घामाचीच असते. पॉलीकार्बोनेटला ओरखडे लवकर पडतात, त्यामुळे टीशर्टने कोरडं पुसायचं नाही, आधी पाण्याखाली धरायचं. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळपासही आणू नका, काच धुरकट होऊन तडकते.

गल्लीक्रिकेट
मुलाच्या हेल्मेटमध्ये चष्म्याची दांडी कानावर टोचते, त्याचं काय करायचं कोणी सांगेल का?